अभिजात भौतिकीची गणती बरोबर, वाटणी चुकीची: कृष्णपदार्थाचे प्रारण आणि ऊर्जापुंज

प्रश्न: कृष्णपदार्थाच्या प्रारणात कमी तरंगलांबीला अभिजात भौतिकी नेमकी कुठे चुकते? आणि ऊर्जा hν च्या पटीत असते एवढं मानल्याने उत्तर बरोबर कसं काय येतं? पुस्तकात नुसतं सूत्र दिलंय.

उत्तर:

थोडक्यात सांगायचे तर, पोकळीत विद्युतचुंबकीय तरंगांचे किती प्रकार मावतात याची अभिजात भौतिकीने केलेली गणती बरोबर होती आणि प्लांकच्या सूत्रातही तीच गणती जशीच्या तशी आहे. चूक झाली ती त्या प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला सरासरी किती ऊर्जा येते हे ठरवताना. बी.एस्सी.च्या वर्गात हा भाग शिकवताना माझा अनुभव असा आहे की या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर शेवटचे सूत्र पाठ होते, पण ते का लागले हे कळत नाही. म्हणून त्या एकामागून एक घेतो आणि सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: 1500 केल्व्हिन तापमानाची, एक घन सेंटीमीटर आकारमानाची, आतून पूर्ण रिकामी असलेली पोकळी.

पोकळीच का, हे आधी सांगायला हवे. पोकळीला बारीक छिद्र पाडले तर त्यातून आत शिरलेला प्रकाश भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटून शोषला जातो आणि बाहेर येण्याची त्याला जवळजवळ संधीच मिळत नाही. म्हणजे ते छिद्र पूर्ण काळे असते. आता पोकळी तापवली की त्याच छिद्रातून बाहेर पडणारे प्रारण हे कृष्णपदार्थाचे प्रारण होय. (बारावीच्या पुस्तकातला फेरी या शास्त्रज्ञाचा दुहेरी भिंतीचा पोकळ गोल आठवत असेल, तोही हेच काम करतो.) किर्खोफने 1859-60 च्या सुमारास दाखवून दिले की हे प्रारण भिंत कशाची आहे यावर अवलंबून नसते, ते फक्त तापमान आणि तरंगलांबी यांवरून ठरते. भिंत प्लॅटिनमची असो वा चिनीमातीची, आलेख तोच येतो. त्यामुळे भिंतीतल्या अणूंची काहीच माहिती नसतानाही तो आलेख केवळ तत्त्वांवरून काढता यायला हवा, अशी रास्त अपेक्षा होती.

आता पहिली पायरी, म्हणजे गणती. समतोल साधलेल्या पोकळीत विद्युतचुंबकीय क्षेत्र स्थिर तरंगांच्या रूपात असते. तारेवर जसे ठरावीक स्थिर तरंगच बसतात, तसेच येथेही भिंतीच्या अटी पाळणारे तरंगच बसतात. फक्त येथे दिशा तीन असतात आणि प्रत्येक तरंगाला ध्रुवीकरणाचे दोन पर्याय असतात. अशा प्रत्येक वेगळ्या तरंगाला आपण कंपनप्रकार म्हणू. एखाद्या λ पेक्षा जास्त तरंगलांबीचे एकूण किती कंपनप्रकार V आकारमानात मावतात, याचे उत्तर 8πV/3λ³ असे येते. या सूत्रातली लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे छेदातला घन. तरंगलांबी निम्मी केली की कंपनप्रकारांची संख्या आठपट होते. आपल्या एक घन सेंटीमीटरच्या पोकळीत 0.5 मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे हिरव्या प्रकाशापेक्षा, जास्त तरंगलांबीचे सुमारे 6.7 × 10¹³ कंपनप्रकार आहेत. तेथून 0.25 मायक्रोमीटरपर्यंत खाली उतरलो की त्याच्या सातपट नवे कंपनप्रकार त्यात भरतात, आणखी निम्म्यावर गेलो की पुन्हा आधीच्या सगळ्यांच्या सातपट. ही उतरण कुठेच थांबत नाही, कारण रिकाम्या जागेत तरंगलांबीला खालची मर्यादा नाही. घन पदार्थातल्या ध्वनितरंगांना अणूंमधल्या अंतराची मर्यादा पडते, प्रकाशाला तशी पडत नाही.

दुसरी पायरी वाटणीची. अभिजात सांख्यिकीतले समविभाजन तत्त्व सांगते की समतोलात प्रत्येक कंपनप्रकाराला सरासरी kT एवढी ऊर्जा मिळते, मग त्याची वारंवारता कितीही असो. हे कोणीतरी सोयीसाठी मानलेले गृहीतक नव्हते, याकडे लक्ष द्या. T तापमानाला एखाद्या प्रकारात E ऊर्जा असण्याची शक्यता e^(−E/kT) च्या प्रमाणात असते, हा बोल्ट्झमनचा नियम आहे. E ला शून्यापासून पुढची कोणतीही किंमत घेता येते असे धरून सरासरी काढली, म्हणजे E·e^(−E/kT) च्या संकलनाला e^(−E/kT) च्या संकलनाने भागले, की उत्तर बरोबर kT येते. त्या संपूर्ण गणितात वारंवारता कुठे शिरतच नाही. जी गोष्ट गणितात आलीच नाही ती उत्तरात येणार कुठून? वायूंच्या विशिष्ट उष्णतेपासून अनेक ठिकाणी हेच तत्त्व चांगले चालले होते (काही ठिकाणी तेव्हाही अडत होते, पण तो विषय येथे नको).

या दोन पायऱ्यांचा गुणाकार म्हणजे रॅले आणि जीन्स यांचे सूत्र. रॅलेने त्याचा गाभा 1900 मध्ये मांडला आणि 1905 मध्ये त्याच्या गुणकातली आठपटीची चूक जीन्सने दुरुस्त केली. आता आपल्या पोकळीत ते लावून पाहू. 1500 केल्व्हिनला kT ची किंमत 2.07 × 10⁻²⁰ जूल आहे. हिरव्या प्रकाशापर्यंतच्या सगळ्या कंपनप्रकारांना एवढी ऊर्जा दिली तर बेरीज सुमारे 1.4 × 10⁻⁶ जूल होते. किरकोळ वाटते खरी, पण स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार, जो प्रयोगाशी उत्तम जुळतो, या पोकळीतल्या सगळ्या तरंगलांबींची मिळून प्रारण-ऊर्जा 3.8 × 10⁻⁹ जूल एवढीच असते. म्हणजे अतिनील भागात पाऊलही न टाकता आपण साडेतीनशेपटींहून अधिक पुढे गेलो आहोत. आता खाली उतरत 0.1 नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे क्ष-किरणांपर्यंत जा. बेरीज सुमारे 1.7 लाख जूल होते. एवढ्या ऊर्जेत अर्धा लिटर पाणी 20 अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत तापेल, आणि ही ऊर्जा एका रिकाम्या घन सेंटीमीटरमध्ये आहे म्हणे! त्याच्याही पुढे गॅमा किरण आहेतच. बेरजेला शेवट नाही. या अवस्थेला 1911 मध्ये एरेनफेस्टने अतिनील अनर्थ हे नाव दिले.

पुस्तके अनेकदा या अनंतापाशीच थांबतात आणि त्यामुळे असा समज होतो की अभिजात सूत्र फक्त λ शून्याकडे गेल्यावर बिघडते. तसे नाही. ते साध्या दृश्य प्रकाशातही सपशेल खोटे ठरते, आणि ते तपासायला प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. रॅले-जीन्स सूत्रात कोणत्याही एका तरंगलांबीला प्रारणाची तीव्रता T च्या सरळ प्रमाणात असते. 1500 केल्व्हिनला तापलेले लोखंड डोळ्यांना झगझगीत दिसते. मग 300 केल्व्हिनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला असलेल्या लोखंडाने त्याच्या एक-पंचमांश उजेड दिला पाहिजे. दिवे मालवलेल्या बंद खोलीत भिंती, खुर्च्या, तुमचे स्वतःचे हात, सगळे प्रकाशमान दिसायला हवे. प्रत्यक्षात हिरव्या प्रकाशाच्या बाबतीत हे प्रमाण एक-पंचमांश नसून साधारण 5 × 10⁻³⁴ आहे. रात्री खोली अंधारी होते हाच समविभाजनाविरुद्धचा पुरावा आहे.

जीन्सने यावर काही वर्षे एक पळवाट धरून ठेवली होती. त्याचे म्हणणे असे की सूत्र बरोबरच आहे, पण कमी तरंगलांबीच्या कंपनप्रकारांपर्यंत ऊर्जा इतकी हळू झिरपते की खरा समतोल आपल्याला कधी दिसतच नाही. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. पण किर्खोफने दाखवलेली एकवाक्यता त्याला आड येते: समतोल साधलाच नसेल तर वेगवेगळ्या पदार्थांच्या पोकळ्यांनी वेगवेगळे आलेख द्यायला हवेत, आणि त्या तर सगळ्या एकच आलेख देतात.

आता ऊर्जापुंजांकडे वळू. गणतीला हात लावायचा नाही, बोल्ट्झमनचा नियमही तसाच ठेवायचा. बदल एकच करायचा. E ला कोणतीही किंमत घेता येते असे न मानता ती फक्त 0, ε, 2ε, 3ε अशा पायऱ्यांनीच घेता येते असे मानायचे. मग सरासरी काढताना संकलनाऐवजी साधी बेरीज करावी लागते आणि ती भूमितीय श्रेढीची असल्याने सहज जमते:

⟨E⟩ = ε / (e^(ε/kT) − 1)

सगळी किमया या एका ओळीत आहे, म्हणून ती दोन टोकांना तपासून पाहू. ε हे kT च्या मानाने फार लहान असेल तर पायऱ्या इतक्या जवळजवळ येतात की त्या असल्या काय नि नसल्या काय, बेरीज आणि संकलन यांत फरक उरत नाही आणि सरासरी पुन्हा kT येते. ε हे kT पेक्षा फार मोठे असेल तर मात्र पहिली पायरीच हाताबाहेर जाते. ज्या यंत्रातून फक्त पाचशेच्या नोटा निघतात त्याच्यासमोर खात्यात 26 रुपये असलेला माणूस उभा राहावा तशी ही स्थिती आहे. त्याला 26 रुपये मिळत नाहीत, काहीच मिळत नाही. उपमेत एक उणीव आहे ती अशी की उष्णतेच्या धक्काबुक्कीत ऊर्जा कमीजास्त होत असते, त्यामुळे क्वचित एखाद्याच्या हाती पाचशेची नोट लागतेही. किती क्वचित, ते e^(−ε/kT) सांगते.

पण ε किती घ्यायचे? सगळ्या वारंवारतांना एकच ε घेतले तर सरासरी kT पेक्षा कमी येईल, पण ती सर्व प्रकारांना सारखीच असेल आणि बेरीज पुन्हा अनंताकडेच जाईल. म्हणजे केवळ ऊर्जा तुकड्यांत आहे असे म्हणून भागत नाही; वारंवारता वाढेल तसा तुकडाही मोठा व्हायला हवा. तो नेमका कसा वाढावा हे वीनच्या 1893 च्या विस्थापन नियमाने ठरते. त्या नियमानुसार कंपनप्रकाराच्या सरासरी ऊर्जेत तापमान आणि वारंवारता ही दोन्ही सुटी येऊ शकत नाहीत; ⟨E⟩ भागिले ν ही किंमत केवळ ν/T या गुणोत्तरावर अवलंबून असली पाहिजे. वरच्या सूत्राला ही अट पाळायची असेल तर ε हे ν च्या सरळ प्रमाणातच असावे लागते. त्या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे h. तुमच्या प्रश्नातले hν येथून येते आणि त्यात मनमानी काही नाही.

आता आपल्या 1500 केल्व्हिनच्या पोकळीत प्रत्येक तरंगलांबीला kT चा किती हिस्सा खरोखर पोचतो ते पाहा. 50 मायक्रोमीटरला, म्हणजे दूरच्या अवरक्त भागात, hν हे kT च्या 0.19 पट आहे आणि कंपनप्रकाराला kT च्या 91 टक्के ऊर्जा मिळते. अभिजात उत्तर तेथे जवळजवळ बरोबर आहे. 10 मायक्रोमीटरला 60 टक्के मिळते. 2 मायक्रोमीटरला, जिथे आलेखाचे शिखर आहे त्याच्या अगदी जवळ, केवळ 4 टक्के. आणि 0.5 मायक्रोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला hν हे kT च्या 19.2 पट असल्याने कोणत्याही क्षणी सुमारे 21 कोटी कंपनप्रकारांपैकी एखाद्यातच एक पुंज असतो, बाकीचे सगळे रिकामे. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला kT चा जवळपास 1 कोटी 12 लाखावा भाग येतो. 0.1 मायक्रोमीटरला हाच हिस्सा 10⁻⁴⁰ च्या घरात जातो. कंपनप्रकारांची संख्या तेथेही वाढतच आहे, पण ती वारंवारतेच्या घाताने वाढते आणि वाटणी मात्र घातांकी वेगाने घटते. अशा शर्यतीत घट नेहमीच जिंकते, म्हणून आलेख शिखर गाठून खाली येतो आणि बेरीज सांत राहते.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होईल. अभिजात सूत्र कुठे चुकेल याची खूण कमी तरंगलांबी ही नाही, hν/kT हे गुणोत्तर आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते त्यांपैकी 1.4 गिगाहर्ट्झच्या लहरीला hν/k ची किंमत केवळ 0.067 केल्व्हिन आहे, त्यामुळे काही केल्व्हिनच्या थंड आकाशासाठीही रॅले-जीन्स सूत्र तेथे निर्धास्तपणे वापरता येते, आणि रेडिओखगोलशास्त्रज्ञ तीव्रता सरळ तापमानातच सांगतात ती याच बळावर. उलट पुरेशा थंड पदार्थाच्या बाबतीत मिलिमीटर लांबीच्या लहरींनाही ते सूत्र चुकू लागते.

इतिहासाबद्दल एक दुरुस्ती करणे भाग आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो उलटा सांगितला जातो: अतिनील अनर्थ दिसला आणि तो टाळण्यासाठी प्लांकने पुंज आणले, असे. 1900 मध्ये बर्लिनमध्ये जे सूत्र वापरात होते ते रॅलेचे नव्हते, वीनचे 1896 चे होते, आणि ते कमी तरंगलांबीला छान जुळत होते. ते फसले ते लांब तरंगलांबीला. शार्लोटेनबुर्गच्या शाही भौतिकी-तंत्र संस्थेत रुबेन्स आणि कुर्लबाउम यांनी फ्लोराइट आणि सैंधव यांच्या स्फटिकांवरून प्रारण वारंवार परावर्तित करून 24 पासून 51 मायक्रोमीटरपर्यंतच्या तरंगलांबी वेगळ्या काढल्या आणि तापमान वाढवत तीव्रता मोजली. वीनच्या सूत्राप्रमाणे ती हळूहळू एका मर्यादेपाशी सपाट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती तापमानाच्या प्रमाणात चढतच राहिली. ही बातमी रुबेन्सने ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्लांकच्या घरी सांगितली. प्लांकने दोन्ही टोकांना जुळेल असे सूत्र 19 ऑक्टोबरला जर्मन भौतिकी सोसायटीपुढे ठेवले, तेव्हा त्याच्यामागे कारणमीमांसा नव्हती. ती त्याने 14 डिसेंबरला दिली आणि तीत hν आला. जुळवणीतून त्याला h ची किंमत 6.55 × 10⁻²⁷ अर्ग-सेकंद मिळाली. आजच्या किमतीपेक्षा ती साधारण 1 टक्क्याने कमी आहे. तापलेल्या पोकळीच्या मोजमापातून एवढी अचूकता मिळाली ही गोष्ट मला सूत्रापेक्षाही विलक्षण वाटते.

प्लांकने मात्र पुंज लावले होते ते भिंतीतल्या काल्पनिक दोलकांना. पोकळीतले क्षेत्र त्याने मॅक्सवेलच्या समीकरणांप्रमाणे अखंडच ठेवले होते. मी वर जसे थेट क्षेत्राच्या कंपनप्रकारांना पुंज लावले तसे करण्याची वाट आइनस्टाइनच्या 1905 च्या प्रकाशपुंजांनी खुली केली. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये अभिजात विद्युतचुंबकीचा आधार न घेता, केवळ एकसारखे आणि एकमेकांपासून वेगळे न ओळखता येणारे प्रकाशपुंज मोजून तेच सूत्र काढले. आइनस्टाइनने तो लेख स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवून आणला.

येथे एक शंका तुम्हाला पुढे नक्की येईल, म्हणून तिचे उत्तर आताच देऊन ठेवतो. पूर्ण पुंजयामिकीत दोलकाच्या पायऱ्या nhν नसून (n + ½)hν असतात. मग प्रत्येक कंपनप्रकारात किमान ½hν ऊर्जा राहतेच, आणि अशा अमर्याद प्रकारांची बेरीज पुन्हा अनंत होते! पण ही शून्यबिंदू ऊर्जा तापमानावर अवलंबून नाही. सर्व पायऱ्या सारख्याच उंचीने वर सरकल्या तरी बोल्ट्झमनच्या नियमातली गुणोत्तरे बदलत नाहीत, म्हणून पुंजांची वाटणी तीच राहते. भिंतीला ही ऊर्जा काढून घेता येत नाही, छिद्रातून ती प्रारण म्हणून बाहेर पडत नाही आणि पोकळी तापवल्याने ती वाढतही नाही. त्यामुळे 1500 केल्व्हिनच्या पोकळीतून येणाऱ्या आलेखात तिचा अंश नसतो. त्या अनंत बेरजेचे काय करायचे हा प्रश्न क्षेत्रांच्या पुंजसिद्धांताचा आहे, कृष्णपदार्थाचा नाही.